एका काचेवर दोन ढीग

वसतिगृहाचे चिटणीस फोटो घेऊन आमच्या घरी आले, तो गुरुवार होता. त्या दिवसापासून आईने तिखट कुटले नाही.

आम्ही तेव्हा चांद्याला गावाभोवतीच्या परकोटाच्या आत राहत होतो. वडील जाऊन बरीच वर्षे झाली होती. आई मिरची कुटून घर चालवत आली होती. भावाचा बाजारात फोटो स्टुडिओ होता आणि मी मुलींच्या शाळेत शिकवायला लागले होते, म्हणजे तिने कुटले नसते तरी चूल पेटली असती. पण आईला ते पटत नसे. तिच्या तिखटाला गावात नाव होते. सिरोंच्याकडून मिरचीची पोती यायची, ती अंगणात पसरून कडक वाळवायची, एकेक देठ मोडून काढायचा, मग उखळात कुटून जाड चाळणीने चाळायची. शेवटी तळहाताला तिळाचे तेल लावून तो हात तिखटातून फिरवायची. तेवढ्याने तिखट उडत नाही आणि वास टिकतो, असे ती म्हणे. आमच्या गल्लीतून जाणारा माणूस शिंकत जायचा आणि शिंकता शिंकताच आईला हाक मारून जायचा.

अहेरी, सिरोंचा, गडचिरोलीकडच्या जंगलातल्या गावांतून शिकायला आलेल्या मुलांसाठी एक वसतिगृह होते. एक समिती ते चालवत असे. तिथे वर्षभर आईचेच तिखट जायचे. आईला त्याचा अभिमान होता. ती पोरे गोंडी बोलत, तिला त्यातले फार थोडे कळे, पण सणाच्या दिवशी ती तिथे जाऊन पंगतीत वाढायची आणि कोणत्या पोराने पुन्हा भाजी मागितली हे घरी येऊन सांगायची.

समितीची एक पद्धत होती. माल घ्यायचा तर आधी नमुना मागवायचा, तो डब्यात सीलबंद ठेवायचा आणि अधूनमधून आलेला माल त्याच्याशी ताडून पाहायचा. पद्धत चांगलीच होती. त्या वर्षी समितीचे एक सभासद गोंडपिपरीहून आले होते. त्यांनी कोठीतले तिखट हातात घेतले, डब्यातला नमुना उघडला आणि म्हणाले, हे दोन एक नाहीत.

चिटणीस निवृत्त शिक्षक होते. गावात सगळे त्यांना मास्तर म्हणत. कुणावर उगाच आळ घेणारा तो माणूस नव्हता. समितीचे सभासद वरोऱ्याला, गोंडपिपरीला, नागपूरला विखुरलेले. पावसाचे दिवस होते, पुड्या पाठवल्या तर वाटेत दमट होऊन गोळा होणार, आणि प्रत्येकाला वेगळेच काही दिसणार. सगळ्यांनी एकच गोष्ट पाहावी म्हणून त्यांनी ठरवले की दोन्ही तिखटांचा शेजारी शेजारी फोटो काढायचा. पुड्यांवर नाव नाही घातले, एक आणि दोन असे आकडे घातले, म्हणजे फोटो काढणाऱ्याच्या मनात काही येऊ नये. आणि गावात बारीक वस्तूचा स्वच्छ फोटो काढणारा एकच माणूस होता. माझा भाऊ.

त्याला कुणी काही सांगितले नाही. सांगायचे नाही असेच ठरले होते. ‘दोन नमुने आहेत, दोन्हींत कणाचा फरक दिसला पाहिजे,’ एवढेच मास्तर म्हणाले.

भावाने ते काम मन लावून केले. पुढे कितीतरी वर्षांनी त्याने मला ते टप्प्याटप्प्याने सांगितले, एखाद्याने अपघात सांगावा तसे. उत्तरेच्या खिडकीशी टेबल. त्यावर पांढरा पुठ्ठा. दोन्ही पुड्यांमधून सारखेच तिखट घेऊन दोन चौकोन केले आणि पट्टीच्या धारेने वरून सारखे केले, दाबले नाही, कारण दाबले की कण झोपतात आणि जाडे तिखटही बारीक दिसते. मध्ये पोलादी पट्टी ठेवली, म्हणजे कण केवढा ते पाहणाऱ्याला मोजता यावे. उजेड एकाच बाजूने आणि तिरपा येईल असा घेतला, म्हणजे जाड कणाची सावली पडते. आणि दोन्ही ढीग एकाच काचेवर घेतले; तेव्हा कॅमेऱ्यात फिल्मच्या जागी काच घालत. दोन वेगळ्या काचा घेतल्या असत्या तर एकीला उजेड कमी लागला, एक धुताना औषधात जास्त राहिली, असे म्हणायला जागा उरली असती. एका काचेवर ती जागा उरत नाही. जो फरक दिसेल तो मालाचा.

त्याच्याकडच्या काचांना लाल रंग दिसत नसे. म्हणूनच त्या लाल दिव्याखाली धुता येत. तिखट त्यांवर काळे उतरायचे. त्या फोटोत दोन चौकोन आले. एक सारखा, राखाडी, शाईच्या कोरड्या डागासारखा एकजीव. दुसरा जास्त काळा, खरबरीत, आणि त्यात सगळीकडे फिकट ठिपके.

तो फोटो उत्तम आला होता. भावाने त्याची एक प्रत स्टुडिओत टांगायचा विचारही केला होता.

गुरुवारी मास्तर आले तेव्हा आई अंगणात मिरचीचे देठ मोडत बसली होती. मी शाळेतून नुकतीच आले होते. भाऊही जेवायला घरी होता. मास्तर ओट्यावर बसले, पाणी प्यायले, आणि फोटो आईच्या हातात दिला.

आईने तो उभा धरला, आडवा धरला. ‘हे काय होय, मास्तर?’

‘तिखट आहे, बाई. इकडचं तुम्ही नमुना म्हणून दिलं ते. आणि हे तिकडचं कोठीतलं, तुम्हीच पाठवलेलं.’

‘माहं तिखट?’ आई हसली. ‘माहं तिखट काळं कुठी असते? तुमच्या फोटोवाल्याले सांगा, डोळे तपासून घे म्हणा.’

मग तिने भावाकडे पाहिले. त्याच्या हातातला घास हातातच होता.

मास्तर म्हणाले, ‘काळं जाऊ द्या. ते फोटोत तसंच येते. हे पाहा, दाणा दोन्हीकडे वेगळा आहे. आणि हे पांढरे ठिपके या बाजूला आहेत, त्या बाजूला एकही नाही. समितीत बसून सगळ्यांनी पाहिलं. कुणी म्हणते लाकडाचा भुसा, कुणी म्हणते विटकरीचा चुरा. मी म्हटलं, आधी बाईले विचारू.’

‘बिया होय त्या,’ आई म्हणाली. ‘मिरचीत बिया नाई तं काय राहीन?’

‘मग नमुन्यात का नाही?’

आईने हातातला देठ सुपात टाकला. तिला प्रश्न सोपा वाटला असावा, कारण तिने लगेच उत्तर दिले.

‘ते फडक्यातून गाळलं होतं ना. एवढे मोठे लोक पाह्यणार म्हणून तुम्हीच सांगतलं. पाव्हणा आला तं आपण त्याले फुटकं ताट देतो काय?’

मास्तर, शाळेत मंद मुलाला सांगावे तसे नाही, स्वतःलाच सांगावे तसे म्हणाले, ‘बाई, नमुना म्हणजे रोज देणार तेच. चांगलं काढून द्यायचं नसते.’

‘मले काय मालूम. मी तं इज्जतीनं देल्लं.’

‘मले पटते. पण समितीनं ठरवून टाकलं. या महिन्यापासून दुसरीकडून घेऊन राह्यलो. तेवढं सांगायला आलो.’

ते उठले. जाताना भावाच्या खांद्यावर हात ठेवावा असे त्यांच्या मनात आले असावे, कारण हात उचलला गेला होता. पण तो तसाच खाली आला.

आईने त्या दिवशी देठ मोडायचे काम पुरे केले. मिरची पोत्यात भरली. पोत्याचे तोंड शिवले.

चूक तिची होती असे कोणाला म्हणता आले नसते. आमच्याकडे दुसऱ्याला दाखवायची वस्तू वेगळी आणि नेहमीची वेगळी, ही फसवणूक नसून रीत होती. पाहुण्याच्या ताटात बारीक तांदूळ, घरच्यांच्या ताटात जाडा. नमुना हा तिच्या मनाने पाहुणाच होता. जाड चाळणीतून बियांचा चुरा खाली येतो, फडक्यातून येत नाही. बारीक भुकटी फिकट दिसते, जाडी भुकटी गडद, मिरची एकाच पोत्यातली असली तरी. या तीन गोष्टी आई रोज हाताळत होती आणि समितीत बसलेल्या कुणालाही त्या समजावून सांगितल्या असत्या तर समजल्या असत्या. पण फोटो पाहून झाल्यावर कुणी काही विचारत नाही.

गावात शब्द पसरला तो ‘भेसळ’ एवढाच. फडके, चाळणी, बिया हे त्याच्यामागून गेले नाही. ज्या बायका आपली मिरची आणून आईकडून कुटून घ्यायच्या त्या हळूहळू विचारायलाही येईनाशा झाल्या. भांडण कुणी केले नाही. समोरची एक बाई, जी आमच्याकडे रोज बसायला यायची, ती दारातूनच म्हणाली, ‘आता चक्कीवर नेतो बाई. तुमाले काऊन तरास द्याचा?’

आई म्हणाली, ‘चक्कीवर गरम होते तिखट. वास जाते.’

‘जाऊ द्या ना. वासाचं काय. चोख पाह्यजे.’

ती बाई मनाने वाईट नव्हती. पण त्या शेवटच्या शब्दावर आई आत निघून गेली.

भाऊ त्या दिवसांत घरी कमी बोलायचा. एकदा तो मला म्हणाला, ‘तेलाचा वास आला होता मले. पुडी उघडल्या उघडल्या आला होता. तिळाच्या तेलाचा. मी म्हटलं, असंन कोणाचं. ओळखाले पाह्यजे होतं.’

‘ओळखलं असतंस तर काय केलं असतंस?’ मी विचारले.

‘फोटो तसाच काढला असता,’ तो म्हणाला. ‘पण घरी येऊन आईले सांगतलं असतं.’

त्याने दुसरा फोटो काढायचे ठरवले. पहिल्या फोटोने जे सांगितले ते खोटे नव्हते, अर्धे होते, असे त्याचे म्हणणे. उरलेले अर्धे त्याला एकाच काचेवर दाखवायचे होते. कोठीतल्या तिखटाची उरलेली पुडी त्याने मास्तरांकडून मागून आणली. रविवारी तो कॅमेरा घरी घेऊन आला आणि ओसरीत टेबल मांडले. पुठ्ठा मी धरला.

कोठीतले तिखट त्याने तसेच एका ढिगात ठेवले. उरलेले फडक्यातून गाळले. खाली आले त्याचा दुसरा ढीग. फडक्यावर राहिले त्याचा तिसरा. मग त्याला निव्वळ बियांचा चुरा हवा होता. त्याने पोत्याची शिवण उसवून मूठभर मिरच्या काढल्या, फोडल्या, बिया वेगळ्या केल्या आणि आईपुढे ठेवल्या.

‘एवढ्या कुटून दे ना, आई.’

आई भिंतीला टेकून बसली होती. ‘तूच कुट.’

‘मले बरोबर नाई जमणार.’

‘मंग नको कुटू.’

त्याने स्वतः कुटल्या. मुसळ वाकडे पडत होते, बिया उखळातून बाहेर उडत होत्या. आई पाहत होती. एकदा ती म्हणाली, ‘हळू. तोंडात जाईन.’ पण उठली नाही. त्याचा शर्ट घामाने भिजला, डोळ्यांतून पाणी यायला लागले. ते तिखटानेच येत होते, असे तो म्हणाला.

चौथा ढीग बियांचा. पाचवा परकोटाच्या पडक्या विटेचा चुरा, सहावा सुताराकडून आणलेला भुसा. सगळे पट्टीने सारखे केले, वर आकडे ठेवले, बाजूला पोलादी पट्टी ठेवली. कॅमेऱ्याचा भाता त्याने पूर्ण बाहेर ओढला, भिंगाचे छिद्र अगदी बारीक केले आणि पाहता पाहता मला म्हणाला, ‘हलू नको. श्वास पण तिकडं सोड.’

संध्याकाळी तो फोटो घेऊन आला तेव्हा अजून ओलसर होता. मी दिव्याखाली पाहिला. गाळलेले तिखट आणि पहिल्या फोटोतला नमुना, दोन्ही सारखेच राखाडी. फडक्यावर राहिलेल्या ढिगात आणि बियांच्या ढिगात तेच चपटे, कडेला चमकणारे तुकडे. विटेचा चुरा वेगळाच होता, सगळीकडे सारखा काळपट, मातीसारखा, आणि त्यात चपटे काही नव्हते. भुशाच्या काड्या लांबट होत्या, तशी एकही काडी तिखटात नव्हती.

‘पाहा, आई,’ भाऊ म्हणाला.

आईने पाहिला. बराच वेळ पाहिला. ‘हे कोणतं?’

‘हे तुह्यं. हे पण तुह्यं. हे बियांचं.’

‘आणि हे?’

‘विटकर.’

‘विटकर पण फोटोत चांगलीच दिसते,’ ती म्हणाली आणि फोटो त्याला परत दिला.

मास्तरांनी तो फोटो समितीपुढे ठेवला. त्यांनी आणखी एक केले. फोटोवर कोणी काही म्हणू नये म्हणून सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांना बोलावून पेल्यात पाणी घेऊन त्यात कोठीतले तिखट टाकायला लावले. विटेचा चुरा असेल तर तळाशी बसतो आणि बोटाने चोळला की खरखर लागते. तळाशी थोडा गाळ बसला. डॉक्टरांनी तो चोळून पाहिला. खरखर नव्हती. बियांचे तुकडे होते. त्यांनी ते नखाने दाबून मोडून दाखवले, असे मास्तरांनी आम्हाला सांगितले.

मास्तर स्वतः आले होते. या वेळी ते उभेच राहिले. ‘बाई, समितीनं चूक मान्य केली. पुढच्या महिन्यापासून तुमचंच तिखट. नमुना मात्र रोजचाच द्या.’

आईने त्यांना बसायला सांगितले, चहा केला. मग म्हणाली, ‘आता हात नाई चालत, मास्तर.’

तिचा हात चालत होता. आदल्याच दिवशी तिने विहिरीतून घागरी काढल्या होत्या. मास्तरांना ते माहीत असावे. ते चहा पिऊन गेले.

मला तेव्हा वाटले, रागावली आहे, काही दिवसांनी उतरेल. राग नव्हता तो. ती भावावर कधी रागावली नाही, एकदाही त्याला काही म्हणाली नाही, उलट त्याच्या ताटात पहिल्यापेक्षा जास्त वाढायची. एकदा शेजारणीने विषय काढला तर आई म्हणाली, ‘त्यानं त्याचं काम केलं. त्याले जे दिसलं ते त्यानं काढलं.’ हे तिने त्याच्या बाजूने म्हटले होते. भाऊ आतल्या खोलीत होता. त्याने ते ऐकले आणि त्याच्यापुरते ते त्याच्या बाजूचे राहिले नाही.

वसतिगृहाच्या पंगतीत ती पुन्हा गेली नाही. पोळ्याला तिथली दोन-तीन पोरे तिला बोलवायला घरी आली होती. तिने त्यांना करंज्या दिल्या आणि दारातूनच परत पाठवले. अंगणात मिरच्या पसरायची जागा रिकामी राहिली, तिथे हळूहळू गवत आले. गल्लीतून जाणारे लोक शिंकेनासे झाले.

पुढल्या वर्षी दिवाळीत भावाने आईला स्टुडिओत चल म्हटले. नवे लुगडे होते तिच्या अंगावर. त्याने पडदा बदलला होता, नवी खुर्ची आणली होती. ‘तुहा एक चांगला फोटो पाह्यजे, आई. आतापर्यंत काढलाच नाई.’

ती चूल सारवत होती. वर न पाहता म्हणाली, ‘नको, बापू.’

‘काऊन?’

‘तुह्या काचेवर मी कशी दिसन, काय माहीत.’

ती थट्टेत म्हणाली असे मी अजूनही स्वतःला सांगते. तिच्या बोलण्यात थट्टा असायची. पण भाऊ उठून बाहेर गेला, आणि त्याने तिला पुन्हा कधी विचारले नाही. विचारले असते तर ती कदाचित हो म्हणाली असती. हेही मी स्वतःला सांगते, आणि त्याने काही होत नाही.

आणखी दोन पावसाळे गेले. मग आईला ताप आला आणि तो उतरला नाही. आजारपणात तिचे तोंड बेचव झाले होते. भावाने विचारले, काय करू तुझ्यासाठी. ती म्हणाली, पेज कर, वर थोडे तिखट भुरभुर. घरात चक्कीवरचे तिखट होते. त्याने तेच भुरभुरले. तिने एक घोट घेतला आणि वाटी बाजूला ठेवली. चांगले आहे, म्हणाली. दोन दिवसांनी ती गेली.

भावाने स्टुडिओ पुढे कितीतरी वर्षे चालवला. लग्नांचे फोटो काढले, शाळेच्या वर्गांचे काढले, कुठे माणूस गेला तर त्याच्या घरी जाऊन काढले. वस्तूंचा फोटो मात्र तो काढत नसे. कुणी बियाणे आणले, कुणी लाकडाचा नमुना आणला, तर नागपूरला न्या म्हणायचा. रंगीत फिल्म आली तेव्हा एका व्यापाऱ्याने हळद आणि मिरची शेजारी ठेवून फोटो मागितला. आता लाल रंग लाल दिसतो, अडचण काय, असे तो म्हणाला. भाऊ त्याला म्हणाला, ‘अडचण काही नाई. मी नाई काढत.’

मी त्याच्याशी त्या विषयावर कधी भांडले नाही. शिकवताना मुलींना मी सांगायचे की दोन गोष्टी ताडून पाहायच्या तर आधी त्या एकाच चाळणीतून काढा, मग शेजारी ठेवा. मुली लिहून घ्यायच्या. एकदा हे मी भावाला सांगितले. तो म्हणाला, ‘बरोबर शिकवतेस.’ आणि उठून हात धुवायला गेला, हात स्वच्छ होते तरी.

भाऊ या उन्हाळ्यात गेला. स्टुडिओची जागा मालकाने परत घेतली. कॅमेरा मी एका ओळखीच्या मुलाला देऊन टाकला. भावाचा फोटो आहे, वरोऱ्याच्या एका फोटोवाल्याने काढलेला. तो मी भिंतीला लावला. त्याच्या शेजारी लावायला आईचा फोटो नाही.

घरात मी आहे.